नऊच्या ताळ्यातून निसटणाऱ्या चुका

समजा, ४,७३८ ला ६९२ ने गुणायचे आहे आणि हाताशी कागद-पेन्सिलीशिवाय काही नाही. गुणाकार तीन ओळींचा होतो. दोनने गुणून ९,४७६, नव्वदने गुणून ४,२६,४२० आणि सहाशेने गुणून २८,४२,८००. तिन्ही ओळींची बेरीज ३२,७८,६९६. एवढ्यासाठी बारा वेळा पाढ्याकडे जावे लागले, जवळजवळ प्रत्येक वेळी हातचा सांभाळावा लागला आणि शेवटच्या बेरजेत आणखी हातचे आलेच. उत्तर बरोबर आहे का, हे पाहायला सगळा गुणाकार पुन्हा करता येतो, पण त्यात कंटाळा तर आहेच, शिवाय धोकाही आहे. पहिल्या खेपेला घाईत ‘सहा साती अठ्ठेचाळीस’ म्हणून गेलो असू, तर दुसऱ्या खेपेलाही जीभ त्याच वळणावर जाते.

अशा वेळी जुन्या पिढीतले लोक नऊचा ताळा पाहत. प्रत्येक संख्येतल्या अंकांची बेरीज करायची, ती दोन अंकी आली तर पुन्हा बेरीज करायची, असे करत एकच अंक उरू द्यायचा. ४,७३८ चे अंक मिळवले की २२, आणि २ अधिक २ म्हणजे ४. ६९२ चे १७, म्हणजे ८. हे दोन उरलेले अंक एकमेकांना गुणायचे: चार आठी बत्तीस, म्हणजे ३ अधिक २, पाच. आता उत्तराकडे वळू. ३२,७८,६९६ च्या अंकांची बेरीज ४१, म्हणजे ४ अधिक १, पाच. दोन्हीकडे पाच आले, ताळा जमला.

सराव झाल्यावर एवढीही बेरीज करावी लागत नाही. ९ हा अंक दिसला की तो सरळ सोडून द्यायचा, आणि ज्यांची बेरीज नऊ होते अशा जोड्याही गाळायच्या. ३२,७८,६९६ मध्ये ३ आणि ६ ची एक जोडी गेली, २ आणि ७ ची दुसरी गेली, ९ गेला. उरले ८ आणि ६, म्हणजे १४, म्हणजे पाच. शेवटी ९ उरला तर तो शून्य धरायचा. उत्तर वाचायला लागतो तेवढ्याच वेळात ताळा होतो.

हे का जमते, ते एकदा पाहून घेतले पाहिजे, कारण या ताळ्याचे बळ आणि त्याचे आंधळेपण दोन्ही एकाच जागी आहेत. दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्याण्णव अधिक एक, हजार म्हणजे नऊशे नव्याण्णव अधिक एक. म्हणून ७०० ला नऊने भागले तरी बाकी ७ च, ७० ला भागले तरी ७ च आणि नुसत्या ७ ची बाकीही ७ च. अंक कोणत्याही घरात बसलेला असो, नऊने भागल्यावर तो जसाच्या तसा बाकी उरतो. त्यामुळे अंकांची बेरीज करणे म्हणजे भागाकार न मांडता नऊने भागून बाकी काढणे. ४,७३८ म्हणजे नऊची काही पट अधिक ४ आणि ६९२ म्हणजे नऊची काही पट अधिक ८. दोघांचा गुणाकार नऊची कुठलीतरी पट अधिक ३२ असाच असणार, आणि ३२ ची बाकी पाच. खऱ्या उत्तराची बाकी पाचखेरीज दुसरी असूच शकत नाही.

मात्र ‘अंक कोणत्याही घरात बसलेला असो’ या शब्दांतच ताळ्याची दुखरी जागा आहे. तिच्याकडे येण्याआधी थोडे इतिहासाकडे. आज ही युक्ती बऱ्याचदा वैदिक गणिताच्या वर्गात ‘बीजांक’ म्हणून शिकवली जाते. भारतीय गणितग्रंथांत तिची स्पष्ट नोंद सापडते ती दहाव्या शतकाच्या सुमारास, दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्त’ या ग्रंथात. त्याच काळात अरबी गणितज्ञांच्या ग्रंथांतही ती आहे. १२०२ साली इटलीतल्या पिसाच्या फिबोनाचीने नऊबरोबर सात, अकरा आणि तेराचेही ताळे सांगितले, आणि १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त नारायण पंडिताने नऊऐवजी कोणतीही संख्या घेऊन ताळा करता येतो हे मांडले. त्या काळी गणित धूळ पसरलेल्या पाटीवर बोटाने किंवा काडीने करत. जागा कमी असल्याने मधले अंक पुसून त्यांच्या जागी नवे लिहीत जायचे. शेवटी पाटीवर उत्तर राही, वाट पुसलेली असे. मागे जाऊन चूक शोधण्याची सोयच नव्हती. ज्याला फक्त प्रश्न आणि उत्तर पुरते, मधल्या ओळी लागतच नाहीत, असा ताळा त्या पाटीवर फार मोलाचा होता.

आता हा ताळा काय पकडतो ते आपल्याच गुणाकारात पाहू. सहाने गुणताना सहा आठी अठ्ठेचाळीस झाले, ८ लिहिले आणि हातचे ४ विसरलो. मग सहाची ओळ २८,४२८ ऐवजी २८,३८८ होते आणि उत्तर येते ३२,७४,६९६. अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. यायला हवे होते ५. चूक उघडी पडली.

हातचा एकदाच विसरला असेल, तर नऊचा ताळा त्याला पकडतोच, कधीही चुकत नाही. एका अंकाने गुणताना हातचा जास्तीत जास्त किती येऊ शकतो? नऊ नव एक्याऐंशी, त्यात आधीचे हातचे आठ मिळवले तरी एकोणनव्वद, म्हणजे हातचे आठच. नऊ कधी येतच नाहीत. जेवढा हातचा विसरला तेवढ्याने बाकी बदलते, आणि बदल एक ते आठ यांपैकी काहीतरी असल्यामुळे तो लपू शकत नाही. तीन ओळींच्या बेरजेतला हातचा तर दोनच्या वर जातच नाही, तोही पकडला जातो. उत्तरातला एखादाच अंक चुकीचा लिहिला असेल तरी ताळा बिघडतो, अपवाद एकच: शून्याच्या जागी नऊ किंवा नऊच्या जागी शून्य. हातच्याच्या चुका ही लांब गुणाकाराची रोजची दुखणी असल्यामुळे या ताळ्याने एवढी शतके काढली, यात नवल नाही.

पण अंकांची अदलाबदल झाली की तो गप्प बसतो. आपले उत्तर ३२,७८,६९६. वहीतून पावतीवर उतरवताना ७ आणि ८ उलटसुलट होऊन ३२,८७,६९६ झाले असे धरा. नऊ हजारांचा फरक पडला, पण अंक तेच, बेरीज तीच ४१ आणि बाकी तीच पाच. घरे बदलल्याचे ताळ्याला कळण्याचा मार्गच नाही.

गंमत म्हणजे हेच चुकीचे उत्तर, ३२,८७,६९६, अगदी वेगळ्या चुकीतूनही येते. मधल्या ओळीत ७ ला ९ ने गुणताना ‘नऊ साती त्रेसष्ट’ ऐवजी पाढ्यात एक पायरी पुढे जाऊन ‘बाहत्तर’ म्हणून पाहा. नऊची ओळ ४२,६४२ ऐवजी ४३,५४२ होते, आणि बेरीज बरोबर ३२,८७,६९६. नऊच्या पाढ्यात कितीही पायऱ्या पुढे-मागे घसरलात तरी चूक नऊच्या पटीतच पडते, म्हणून नऊचा पाढा ज्याचा कच्चा आहे त्याला नऊचा ताळा काही मदत करत नाही. आठच्या किंवा सातच्या पाढ्यात एका पायरीने घसरलो असतो, तर तो लगेच बोलला असता.

याहून मोठी अडचण शून्याची आहे. दशकाच्या अंकाने गुणताना एककाच्या घरात फुली मारायची, शतकाने गुणताना दोन फुल्या, हे शाळेत घोकून घेतले जाते, कारण मुले नेमकी तिथेच चुकतात. समजा एखाद्या मुलाने एकही फुली न मारता तिन्ही ओळी एकाखाली एक मांडल्या:

```
   ९४७६
 ४२६४२
 २८४२८
-------
 ८०५४६
```

खरे उत्तर बत्तीस लाखांच्या घरातले, हे ऐंशी हजारांचे. आता ताळा करा. ८, ०, ५, ४, ६ यांची बेरीज २३, म्हणजे पाच. ताळा जमला! गुणाकार चाळीसपट लहान आला आणि तरीही नऊच्या ताळ्याने मान डोलावली. शून्य मिळवले काय, गाळले काय, अंकांच्या बेरजेत काही फरक पडत नाही. गुणक ६०२ असताना मधले शून्य विसरून ६२ ने गुणले, तरीही हेच होते, दोघांचीही बाकी आठच. दशांश चिन्हाचीही तीच कथा. ४७.३८ गुणिले ६.९२ चे उत्तर ३२७.८६९६ लिहा की ३२.७८६९६, ताळ्याला दोन्ही सारखीच. ऐंशी हजार आणि बत्तीस लाख यांतला फरक ज्याला दिसत नाही, त्याच्यावर एकट्यावर हिशेब सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक जागा आहे, आणि ती आज घरोघरी येते. अठरा टक्के जीएसटी काढायला आपण रकमेला १८ ने गुणतो. अठराची बाकी शून्य. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच, म्हणून रक्कम कोणतीही असो, उत्तराची बाकी शून्यच यायला हवी. ४,७३८ गुणिले १८ म्हणजे ८५,२८४, अंकांची बेरीज २७, ताळा जमला. पण घाईत ४,७३८ ऐवजी ४,७१८ ला गुणले, तर उत्तर ८४,९२४ येते, त्याचीही बेरीज २७ आणि ताळा तसाच जमतो. गुण्य किंवा गुणक यांपैकी एक जरी नऊच्या पटीत असला, तरी दुसरी संख्या उतरवताना काय चूक झाली याबद्दल हा ताळा अवाक्षर काढत नाही. १८, २७, ३६, ४५, ७२, ९० यांपैकी कशाने गुणत असाल, तर हे आधीच लक्षात घ्यावे.

पुस्तकांत पुष्कळदा म्हटलेले असते की नऊच्या ताळ्यातून नऊपैकी एकच चूक सुटते. उत्तरादाखल कुठलीही संख्या डोळे मिटून उचलली, तर ते खरे आहे: बाक्या नऊच प्रकारच्या, त्यांतली एक योगायोगाने जुळणार. पण माणूस डोळे मिटून चुका करत नाही. त्याच्या चुकांना ठरलेल्या वाटा असतात: अंकांची अदलाबदल, गळलेले शून्य, न मारलेली फुली, एका घराने सरकलेली ओळ. आणि यांतली प्रत्येक चूक उत्तराला नऊच्या पटीतच बिघडवते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की त्यांच्या वजाबाकीच्या नऊपट, नव्वदपट किंवा नऊशेपट फरक पडतो. एक घर सरकलेली ओळ दहापट किंवा एक दशांश होते, म्हणजे फरक पुन्हा नऊपट. त्यामुळे ‘नऊपैकी एक’ हा आकडा ऐकून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. हातच्याच्या चुकांबाबत ताळा त्याहून पुष्कळ चांगला आहे आणि जागेच्या चुकांबाबत पुष्कळ वाईट.

सरकलेल्या ओळीवरचा इलाज सोपा आहे आणि त्याला ताळाही लागत नाही. गुणाकाराआधीच अंदाज बांधावा. ४,७३८ म्हणजे साधारण ४,७००, आणि ६९२ म्हणजे ७००. सत्तेचाळीस साती तीनशे एकोणतीस, त्यावर चार शून्ये, म्हणजे ३२ लाख ९० हजारांच्या आसपास. ८०,५४६ या उत्तराला मग उभेही राहता येत नाही.

अदलाबदलीसाठी अकराचा ताळा आहे. दहा हे अकरापेक्षा एकने कमी, शंभर हे नव्याण्णवपेक्षा एकने जास्त, हजार हे एक हजार एकपेक्षा एकने कमी, आणि ९९ व १००१ या दोन्ही अकराच्या पटीतल्या संख्या. म्हणून इथे अंक आलटून पालटून मिळवायचे आणि वजा करायचे, सुरुवात नेहमी एककाकडून. ४,७३८ चे ८ वजा ३ अधिक ७ वजा ४, म्हणजे ८. ६९२ चे २ वजा ९ अधिक ६, म्हणजे उणे १. ऋण आले की त्यात ११ मिळवायचे, म्हणजे १०, पण गुणायला उणे १ च सोयीचे. आठ गुणिले उणे एक, उणे आठ, त्यात अकरा मिळवले की ३. उत्तराकडे पाहा: ३२,७८,६९६ चे ६ वजा ९ अधिक ६ वजा ८ अधिक ७ वजा २ अधिक ३, बरोबर ३. जमले.

तेच अदलाबदल झालेल्या ३२,८७,६९६ चे ६ वजा ९ अधिक ६ वजा ७ अधिक ८ वजा २ अधिक ३ केले की ५ येतात. नऊला न दिसलेली चूक अकराने पकडली. ‘बाहत्तर’ची घसरणही याच संख्येवर येत असल्याने तीही सापडली. शून्याच्या जागी नऊ पडले असते तरी अकराला कळले असते. इथे अंकाचे घर बदलले की त्याचे चिन्ह बदलते, म्हणून शेजारची अदलाबदल लपत नाही. अठराच्या गुणाकारातही अकराचा ताळा बोलतो: ४,७३८ ची बाकी ८, अठराची ७, गुणाकार ५६ म्हणजे बाकी १. ८५,२८४ ची १ येते, चुकीच्या ८४,९२४ ची ४.

मात्र अकरालाही त्याच्या जागा आहेत. गुण्य किंवा गुणक अकराच्या पटीत असेल, तर जशी नऊची बोलती १८ पुढे बंद होते तशी अकराची २२ किंवा ५५ पुढे होते. आणि एक चूक अशी आहे की तिच्यापुढे दोघेही हरतात. शेजारचे नव्हे, तर एक घर सोडून पलीकडचे अंक बदलले तर? ३२,७८,६९६ मधले ७ आणि ६, मधला ८ तसाच ठेवून, अदलाबदल करा: ३२,६८,७९६. अंक तेच, म्हणून नऊची बाकी पाच. चिन्हेही तीच, कारण एक घर सोडले की चिन्ह परत पहिल्यासारखे होते, म्हणून अकराची बाकी तीन. फरक ९,९०० चा, नव्याण्णवच्या पटीत, आणि अंदाजाच्या मानाने इतका लहान की तिथूनही तो सुटतो. नशीब एवढेच की अशी चूक हाताकडून क्वचित होते. एखादी ओळ एकदम दोन घरे सरकली तरी दोन्ही ताळे जमतात, पण त्या वेळी अंदाज वाचवतो.

नऊचे हे आंधळेपण जमाखर्च लिहिणाऱ्यांनी उलटे वापरून घेतले आहे, आणि मला या सगळ्या प्रकरणात तो उपयोग सर्वांत हुशारीचा वाटतो. तेरजेच्या दोन बाजू जुळत नसल्या की अनुभवी मुनीम आधी फरकाला नऊने भागून पाहतो. निःशेष भाग गेला तर कुठेतरी अंक उलटे पडले आहेत किंवा शून्य कमी-जास्त झाले आहे, असा संशय घेतो. फरक २,७०० चा असेल तर नवव्या हिश्शाचे ३०० होतात, म्हणजे शतक आणि हजारच्या घरांत असे दोन अंक शोधायचे ज्यांच्यात तीनचे अंतर आहे, जसे ५,८३० च्या जागी ८,५३०. फरक ४,०५० असेल तर भागाकार ४५० येतो, आणि खतावणीत ४५० ची नोंद सापडली की ती मूळची ४,५०० तर नव्हती ना, हे पावती काढून पाहायचे. एकच चूक असेल आणि फरक नऊच्या पटीत नसेल, तर उलट्या अंकांच्या शोधात वेळ घालवू नये, तिथे बहुधा हातचा किंवा एखादी आख्खी नोंदच राहून गेलेली असते.